फाटलेला आवाज किती शिवता येतो?

कार्यक्रम दणक्यात झालेला असतो. दुसऱ्या दिवशी निवांत बसून कोणीतरी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावतं, आणि गाण्याऐवजी ऐकू येते नुसती खरखर. मग माझ्याकडे फाइल येते आणि सोबत एक ओळ: "आवाज फाटलाय, जरा साफ करून द्याल का?"

"साफ" या शब्दापाशीच घोटाळा होतो. काचेवर धूळ बसली असेल तर ती पुसता येते, कारण धुळीखाली काच शाबूत असते. फाटलेल्या आवाजावर मात्र बाहेरून काही येऊन बसलेलं नसतं. त्यातला एक भाग नोंदवलाच गेलेला नसतो. म्हणून प्रश्न पुसण्याचा नाही, शिवण्याचा आहे. आणि किती शिवता येईल हे भोक किती मोठं आहे यावर ठरतं.

आवाज फाटतो म्हणजे नेमकं काय होतं?

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. रेकॉर्डर त्याची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजून आकडे लिहून ठेवतो. असा एकेक आकडा म्हणजे एक सँपल. नेहमीच्या १६ बिटच्या फाइलीत सर्वांत मोठा आकडा ३२,७६७ असतो, त्याच्या वर जागाच नाही. आवाज त्याहून चढला तर रेकॉर्डर तक्रार करत नाही की थांबत नाही. तो ३२,७६७, ३२,७६७, ३२,७६७ असं लिहीत राहतो आणि लाट खाली आली की पुन्हा खरे आकडे लिहू लागतो.

स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर लाटेचा गोल माथा सुरीने कापल्यासारखा सपाट दिसतो. यालाच क्लिपिंग म्हणतात.

ढगांत डोकं गेलेला डोंगर डोळ्यांसमोर आणा. ढगांची रेघ जिथे आहे तिथून वरचं काही दिसत नाही. पण दोन्ही बाजूंचे उतार दिसतात आणि शिखर ढगांच्या रेघेच्या वरच आहे हेही नक्की माहीत असतं. पुढे सांगणार आहे त्या दुरुस्तीचं सगळं भांडवल एवढंच आहे.

मग आवाज कमी केला तर चालणार नाही का?

नाही. डोंगराचा फोटो लहान केला म्हणून ढग हटत नाहीत. सपाट माथा खालच्या पातळीवर येतो, पण सपाटच राहतो.

याला एकच अपवाद आहे आणि तो आधी तपासून घ्यावा. काही रेकॉर्डर ३२ बिट फ्लोट नावाच्या पद्धतीने आकडे लिहितात. तिथे मर्यादेच्या कितीतरी वरचा आकडाही लिहिता येतो. अशी फाइल पहिल्यांदा उघडल्यावर फाटल्यासारखी दिसते, पण आवाज १२ डेसिबलने उतरवला की गोल माथे तसेच्या तसे बाहेर येतात. ते आले तर काम तिथेच संपलं. मात्र आवाज माइकमध्येच फाटला असेल तर फ्लोट फाइल तो फाटलेला आवाजच इमानेइतबारे जपून ठेवते.

दुसरी सूचना बहुतेक जण करतात: "ट्रेबल थोडा उतरवला तर?" कान थोडे सुखावतात, हे खरं. पण माथा कापला की लाटेला कोपरे येतात आणि त्या कोपऱ्यांतून मूळ आवाजात नसलेले नवे सूर जन्मतात. सेकंदाला ६० कंपनांचा खोल बास वरून-खालून सारखा कापला गेला तर १८०, ३००, ४२०, ५४० अशा विषम पटींत सूर उमटतात. आता माणसाचा बोलण्याचा आवाज कुठे असतो? नेमका याच पट्ट्यात. म्हणजे खरखर फक्त वर टोकाला बसलेली नसते, ती बोलण्याच्या आत शिरलेली असते. ट्रेबल उतरवला तर शब्दांची धार जाते आणि घरघर मागे उरते.

दुरुस्ती हा अंदाज असतो, पण लगाम असलेला

क्लिपिंग भरून काढणारं कोणतंही सॉफ्टवेअर दोन कामं करतं. आधी कोणते आकडे खोटे आहेत ते हेरतं. मग त्या जागी अलीकडच्या-पलीकडच्या खऱ्या आकड्यांवरून नवे आकडे लिहितं. साधी पद्धत फक्त दोन्ही बाजूंचे उतार बघून वर कमान बांधते. अधिक चांगल्या पद्धती आजूबाजूच्या काही मिलिसेकंदांत लाट कशी डुलते आहे ते शिकून तोच डौल पुढे चालवतात.

लगाम असा की नवा आकडा कापलेल्या रेघेच्या वरच असला पाहिजे. शिखर ढगात आहे म्हटल्यावर ते ढगाखाली काढून चालणार नाही. या एका अटीमुळे अंदाज बराच ताळ्यावर राहतो.

पण शिखरावर एखादं झाड असेल तर? उतारावरून शिखराची उंची ताडता येते, झाड नाही. आवाजातही तसंच होतं. मोठ्या लाटेच्या पाठीवर छोट्या लाटा स्वार असतात: बासच्या लाटेवर गाण्याचा स्वर, स्वरावर "स"सारख्या अक्षराची बारीक थरथर. माथा कापला की तेवढ्या वेळात त्याच्यावरचं सगळंच जातं. मोठ्या लाटेचा आकार परत बांधता येतो. तिच्यावरचे स्वार परत येत नाहीत.

सगळं दुखणं खालच्या सुरांत

इथे थोडं गणित करू, कारण सगळा निकाल त्यावर ठरतो.

एक शुद्ध सूर घ्या आणि तो मर्यादेच्या ६ डेसिबल वर, म्हणजे दुप्पट उंच गेला असं समजा. किती भाग कापला जाईल? निम्मी उंची गेली म्हणजे निम्मा आवाज गेला, असं वाटतं. प्रत्यक्षात वेळेच्या हिशेबात दोन तृतीयांश जातो, कारण लाट माथ्याशी रेंगाळते आणि मधून झरकन जाते. फक्त ३ डेसिबल वर असेल तरी निम्मा वेळ लाट कापलेली असते. १ डेसिबलला हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास येतं.

आता तोच ६ डेसिबलचा हिशेब दोन सुरांना लावून बघा. सेकंदाला १,००० कंपनांचा सूर असेल तर प्रत्येक सपाट माथा सुमारे १६ सँपलांचा असतो. एवढं भोक भरणं हा हातचा मळ आहे. ६० कंपनांचा बास असेल तर तोच माथा साधारण २६७ सँपलांचा होतो, म्हणजे साडेपाच मिलिसेकंदांहून किंचित जास्त. तेवढ्या वेळात वरच्या सुराची पाच पूर्ण आवर्तनं होऊन जातात. बासची कमान बांधता येईल, पण ती पाच आवर्तनं आणायची कुठून?

शिवाय हे वर एकदा आणि खाली एकदा, असं सेकंदाला १२० वेळा घडतं. बासवर कोणी बोलत असेल तर त्याचं बोलणं दर खेपेला साडेपाच मिलिसेकंद गायब आणि जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद हजर. फाटलेल्या आवाजातली ती "घर्रर्र" म्हणजे बऱ्याच अंशी ही दार उघडमीट असते.

म्हणून फाइल उघडल्यावर "किती फाटलाय" हा माझा पहिला प्रश्न नसतो. "कशाने फाटलाय" हा असतो. ड्रमच्या एकेका थापेने फाटला असेल तर आशा आहे. अखंड बासने फाटला असेल तर समोरच्याला आधीच सावध करावं लागतं.

एक फाइल, पहिल्यापासून

मध्यंतरी आलेली एक फाइल घेतो. चार मिनिटांचा व्हिडिओ, मोबाइल थेट मंचासमोर, स्पीकरच्या तोंडाशी. पहिली दोन मिनिटं वीस सेकंद गाणं आणि ड्रम. नंतर बास तसाच चालू असताना निवेदक काही नावं वाचतो. पाठवणाऱ्याला ती नावं हवी होती.

त्यांनी आधी व्हिडिओ मेसेजिंग अॅपवरून पाठवला होता. मी मोबाइलमधली मूळ फाइल मागवली. वाटेत फाइल पुन्हा दाबली जाते आणि उरलेसुरले धागेही विस्कटतात. मग ffmpeg या कमांडने चालणाऱ्या प्रोग्रॅमने आवाज वेगळा काढला:

```
ffmpeg -i video.mp4 -vn -c:a pcm_f32le awaj.wav
```

शेवटच्या `pcm_f32le` ला कारण आहे. मोबाइल आवाज एएसी पद्धतीने दाबून साठवतो. फाटलेला आवाज असा दाबला आणि परत उलगडला की सपाट माथे सपाट राहत नाहीत, ते वरखाली थरथरतात आणि मर्यादेच्या वरही जातात. १६ बिटमध्ये काढलं असतं तर ते दुसऱ्यांदा कापले गेले असते. फ्लोटमध्ये ते तसेच राहिले: सर्वांत उंच टोक मर्यादेच्या १.१९ पट होतं.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून सगळं १२ डेसिबलने उतरवलं, म्हणजे आकडे पाव झाले. वर बांधल्या जाणाऱ्या माथ्यांना जागा लागते, ती अशी आधीच करून ठेवायची. आता मर्यादा १ धरली तर टोक ०.३० वर होतं आणि फाटलेले माथे ०.२५ च्या आसपास डुलत होते.

यानंतर ऑडॅसिटीतलाच कापलेले माथे भरणारा `Clip Fix`. जागा आधीच केलेली असल्याने त्यातला `Reduce amplitude to allow for restored peaks` हा आकडा शून्यावर ठेवला. त्यात `Threshold of Clipping` नावाचा दुसरा आकडा असतो. निवडलेल्या भागातल्या सर्वांत उंच टोकाच्या किती टक्के वर गेलेलं फाटलेलं मानायचं, ते तो सांगतो. आधीपासून तिथे ९५ असतं. मी तसंच चालवून पाहिलं, जवळजवळ काहीच बदललं नाही. साहजिक आहे: ०.३० चे ९५ टक्के म्हणजे ०.२८५, आणि माझे माथे त्याच्या खाली. बरेच जण इथेच "हे सॉफ्टवेअर काही कामाचं नाही" म्हणून सोडून देतात. आकडा ७८ केला, म्हणजे रेघ ०.२३४ वर आली, आणि माथे उगवायला लागले.

पण सगळ्या फाइलीला एकच आकडा लागू पडला नाही. मोबाइल मोठा आवाज आला की गेन, म्हणजे आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण, स्वतःच उतरवतो आणि शांत झालं की चढवतो. माइकच्या सर्किटमध्ये आवाज आधी फाटतो आणि नंतर हा चढउतार होतो, त्यामुळे कापल्याची रेघ दर काही सेकंदांनी वेगळ्या उंचीवर दिसते. म्हणून दहा-दहा सेकंदांचे तुकडे निवडले, प्रत्येकाची रेघ डोळ्यांनी पाहून आकडा ठरवला. कंटाळवाणं काम, पण निकालात फरक याच कामाने पडतो. फाइल दाबलेली नसती, साधी वेव्ह असती, तर आधी हे चालवून पाहिलं असतं:

```
ffmpeg -i awaj.wav -af "adeclip,volume=-9dB" -c:a pcm_f32le navin.wav
```

हे रेघ स्वतःच शोधतं. मात्र माथे थरथरते असले तर त्याचीही नजर चुकते.

गाण्याचा भाग छान सुधारला. ड्रमच्या थापांचे माथे ०.४४ पर्यंत गेले, म्हणजे कापलेल्या रेघेच्या सुमारे ५ डेसिबल वर. जोरदार थापेला हे शोभतं. खरखर ऐंशी टक्के गेली असं म्हणेन, ही माझ्या कानांची मोजणी आहे.

निवेदनाच्या भागात त्याच पद्धतीने भलतंच झालं. माथे फुग्यासारखे फुगून ०.९ ला भिडले. रेघेच्या ११ डेसिबल वर! शेजारच्या गाण्यात तोच बास तेवढा उंच कुठेच नव्हता. कमान बांधायला पुरेसा उतारच मिळाला नाही की असं होतं: दोन्ही कडांचा चढ तसाच वर ताणला जातो. ऐकायला घरघर कमी झाली होती आणि बास धडधडत होता. नावं आधीइतकीच अस्पष्ट होती.

आधी खरखर, गोंगाट कमी करून घेतला तर?

हा उत्साह नडतो. क्लिपिंगची दुरुस्ती सगळ्यांत आधी, बाकी सगळं नंतर. बास कमी करणारा फिल्टर आधी लावला की सपाट माथे तिरके होतात. सपाटपणा हीच दुरुस्तीची एकमेव खूण असते, ती पुसली गेली की सॉफ्टवेअरला फाटलेलं कोणतं ते कळत नाही. गोंगाट काढणं, आवाज समतोल करणं, सगळ्यांची हीच गत. कोणीतरी आधीच "थोडंसं साफ करून" पाठवलेली फाइल पाहिली की माझा जीव खालीवर होतो.

नीट झालं की नुसतं मऊ झालं?

दुरुस्त फाइल मूळ फाइलीपेक्षा हळू वाजते, आणि हळू वाजणारं आपल्याला आधी फिकं, मग "स्वच्छ" वाटतं. दोन्ही एकाच पातळीवर आणल्याशिवाय तुलना करू नये.

त्याहून पक्की परीक्षा वजाबाकीची. मूळ फाइल दुरुस्त फाइलीच्या पातळीला आणायची, उलटी करायची (ऑडॅसिटीत `Invert`) आणि दुरुस्त फाइलीत मिसळायची. उरतो तो फक्त बदल. त्यात तुटक तडतड ऐकू आली पाहिजे, फाटलेल्या जागीच. त्यात गाणं सलग आणि सुरेल ऐकू येऊ लागलं तर समजावं की रेघ फार खाली धरली आणि चांगल्या लाटाही बदलल्या गेल्या. निवेदनाच्या भागात वजाबाकीत नुसता बास आला, बोलण्याचा मागमूस नव्हता. तिथेच माझ्यापुरता निर्णय झाला.

माथे सपाट नाहीत, तरी आवाज फाटलेलाच. असं कसं?

असंही होतं, आणि त्यावर इलाज जवळपास नाही. कधी कार्यक्रमातले स्पीकर किंवा त्यांना चालवणारा अँप्लिफायर स्वतःच फाटत असतो. मोबाइलने तो फाटका आवाज हुबेहूब टिपलेला असतो. स्पीकरच्या पडद्यातून, हवेतून आणि भिंतींवर आपटून येईपर्यंत कोपरे इतके झिजतात की सपाट माथा शिल्लक राहत नाही. हेरायला खूणच नाही म्हटल्यावर भरायचं काय? ओळखण्याची युक्ती अशी: हळू वाजणाऱ्या जागीही तीच खरखर असेल, किंवा दोन वेगळ्या मोबाइलांच्या रेकॉर्डिंगमध्ये अगदी त्याच क्षणी असेल, तर दोष रेकॉर्डिंगच्या आधीचा आहे.

मग त्या नावांचं काय झालं?

आधी डावा आणि उजवा चॅनल वेगळे ऐकले. कधीकधी एकच बाजू फाटलेली असते आणि दुसरी धडधाकट. माणसं ते बघतच नाहीत. इथे तसं नशीब नव्हतं.

मग मी विचारलं, "अहो, मागच्या रांगेतून कोणी शूट केलं होतं का?" निघालं एक. साधारण ३० मीटर मागून, थरथरता व्हिडिओ, आवाज घुमणारा. पण फाटलेला नाही. मंचापासून लांब आवाज मंद होतो, त्यामुळे तो मोबाइल मर्यादेच्या आत राहिला होता.

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून मागच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळं ८७ मिलिसेकंदांच्या आसपास उशिरा येतं. ड्रमची एक ठसठशीत थाप दोन्हींत शोधून जुळवून घेतली. दोन उपकरणांची घड्याळं किंचित वेगळी चालतात: दहा लाखांत २० चा फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांची तूट पडते. चार मिनिटांसाठी ती किरकोळ होती, तासाभराच्या कार्यक्रमात मधूनमधून पुन्हा जुळवावं लागलं असतं. दोन्ही रेकॉर्डिंग एकावर एक मात्र वाजवली नाहीत. तसं केलं की आवाज नळातून आल्यासारखा पोकळ होतो. गाणं पुढच्या मोबाइलचं ठेवलं आणि निवेदन सुरू होताच मागच्यावर गेलो.

शेवटी सर्वांत उंच टोक मर्यादेच्या १ डेसिबल खाली ठेवून फाइल दिली. आवाज आणखी चढवला असता तर बांधलेले माथे मीच परत कापले असते. सोबत लिहून दिलं की दोन मिनिटं वीस सेकंदांनंतरचा आवाज दुसऱ्या जागेवरचा आहे आणि गाण्यातले माथे अंदाजाने भरलेले आहेत, मूळ फाइल पुसू नका. रेकॉर्डिंग कधी पुरावा म्हणून लागलं तर ही नोंद लागते.

नावं सात होती. सहा कळली. पाचव्या नावाच्या वेळी मागच्या मोबाइलजवळ कोणीतरी शिट्टी मारली होती आणि पुढच्या मोबाइलवर तिथे बास होता. "थोडं अजून वाढवून बघता का?" असं त्यांनी विचारलं. मी ते तीन सेकंद मोठे करून त्यांना स्क्रीनवर दाखवले: सपाट, उतार, सपाट, उतार. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "निवेदकालाच फोन करतो."